पंचेचाळीसवर थांबलेली धूळ

"बाई, दहाचा बिट द्या," सुतार खिडकीच्या फळीवर कोपर टेकत म्हणाला.

"कशात?"

"भोकात."

त्याच्या मागे उभा असलेला वायरमन खिदळला. खिडकीआडची बाई हसली नाही, रागावलीही नाही. ती नुसती थांबली. हा विनोद ती चार वर्षं ऐकत होती आणि दर वेळी त्याचा शेवट एकच होत असे.

"लाकडात," सुतार म्हणाला. "कपाटाच्या फळीत."

तिने मधल्या खणातून एक बिट काढून दिला. त्याच्या टोकाला मध्यभागी एक टोचरा काटा होता आणि कडेला दोन धारदार ओठ. काटा आधी रुततो, त्यामुळे बिट घसरत नाही. ओठ कडेचे तंतू आधी कापतात, म्हणून फळीच्या पलीकडे लाकूड उचकटत नाही. सुताराला हे सांगायची गरज नव्हती. वायरमनला होती. मागच्या वर्षी त्याने लोखंडाचा बिट काँक्रीटमध्ये घातला होता आणि अर्ध्या मिनिटात धार गेलेलं, निळं पडलेलं टोक घेऊन परत आला होता. "बिट जळला," असं त्याने सांगितलं होतं, जणू काही बिटालाच ताप आला होता.

हॉस्पिटलच्या तळघरात, बॉयलर आणि धुलाईखोलीच्या मधे, ही टूलरूम होती. कारागीर खिडकीशी येत, आपला पितळी बिल्ला ठेवत आणि हत्यार नेत. बिट खराब झाला तर जुना आणून दाखवायचा, मग नवा मिळे. बिट ठेवायला तीन खण होते. लाकडाचे एकीकडे. लोखंडाचे, म्हणजे हायस्पीड स्टीलचे, दुसरीकडे. आणि काँक्रीटचे तिसऱ्या खणात, सगळ्यांत बोजड दिसणारे, टोकाला कार्बाइडचा चपटा तुकडा बसवलेले. आधीचा स्टोअरकीपर सगळे बिट मापाप्रमाणे लावत असे, सहाचे सहाच्यात, आठचे आठच्यात. दिसायला फार नीटनेटकं होतं. ती आल्यावर तिने ते सगळं मोडून कशात वापरायचं त्याप्रमाणे लावलं आणि रजिस्टरमध्ये एक जादा रकाना आखला: कशात. तेव्हापासून तिचं नाव कशातबाई पडलं.

प्रश्न मात्र तिचा नव्हता. तो मामांचा होता.

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ, हॉस्पिटलमधले सगळ्यांत जुने फिटर. तिला इथे चिकटवलं त्यांनीच. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला बाकावर तीन तुकडे मांडून दिले होते: लाकडाचा ठोकळा, लोखंडी पट्टी आणि काँक्रीटचा घन. "लाकूड कापायचं," ते म्हणाले होते, "लोखंड तासायचं आणि काँक्रीट फोडायचं. कार्बाइड काही कापत नाही गं, कुटतं. टणक आहे, पण ठिसूळ. तुझ्या मामीच्या स्वभावासारखं." मग तिच्या हातात मशीन देऊन तिन्ही भोकं पाडायला लावली आणि प्रत्येक भोकाखाली कागद धरला. एका कागदावर भुसा जमला, दुसऱ्यावर लोखंडाची चमकती वेटोळी, तिसऱ्यावर राखाडी पीठ. "भोकात काय चाललंय ते दिसत नाही. बाहेर काय पडतंय ते दिसतं. त्याच्याकडे बघायचं."

सुतार आणि वायरमन गेल्यावर तिने खिडकी अर्धी ओढली आणि कामाच्या टेबलावर पाच बिट ओळीने ठेवले. पाचही दहा मिलिमीटरचे, काँक्रीटचे. पाचही या एका आठवड्यात मामांनी परत केलेले.

काम होतं दुसऱ्या मजल्यावरच्या व्यायामखोलीचं. पक्षाघाताचे, मांडीचं हाड मोडलेले पेशंट तिथे पुन्हा चालायला शिकणार होते. भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा बसवायचा होता. दांड्याला बारा लोखंडी ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन बोल्ट, एक वर आणि एक खाली, म्हणजे काँक्रीटच्या भिंतीत चोवीस भोकं. चांगल्या बिटाला चोवीस भोकं म्हणजे सकाळचा व्यायाम. खोली सोमवारी सुरू होणार होती. दांडा बसून तयार होता, पॉलिशसकट.

नव्या सुपरवायझरच्या नजरेत हे पाच बिट भरले होते. तो महिन्यापूर्वीच आला होता आणि खिडकी बंद करून सगळी हत्यारं उघड्या मांडणीवर ठेवावीत, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, असं त्याचं मत होतं. बुधवारी तो तिच्याकडे आला तेव्हा चांगल्या मूडमध्ये होता.

"पाच बिट, बाई. एका दांड्यासाठी."

"हो."

"चुकीचे दिले गेले नाहीत ना?"

"नाही. रजिस्टर आहे."

"मग माल हलका असेल. पुरवठादार नवा आहे. शुक्रवारपर्यंत एक ओळ लिहून द्या, बिट सदोष होते म्हणून. आपण ते परत पाठवू. ना तुम्हाला त्रास, ना मला." आणि तो निघून गेला.

मामांचंही तेच म्हणणं होतं. तिसरा बिट परत करताना ते म्हणाले होते, "हल्लीचा माल म्हणजे साखरेचा. तोंडात घातला की विरघळतो."

तिने ते तेव्हा मानलं होतं. शंका आली ती माणसावर नव्हे, वस्तूवर. त्याच खोक्यातला एक नवा कोरा बिट तिने गुरुवारी सकाळी ठोके देणाऱ्या हॅमर मशीनला लावला आणि कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या घनात भोकं पाडली. एकामागून एक बारा, प्रत्येक सत्तर मिलिमीटर खोल. प्रत्येकाला साधारण तेवढाच वेळ लागला. बाराव्यानंतर तिने टोक भिंगाखाली पाहिलं. कार्बाइडच्या कडा किंचित गोलावल्या होत्या, एवढंच.

माल चांगला होता.

आता ती टेबलाशी वाकून त्या पाच बिटांकडे पाहत होती. पाचांच्याही कार्बाइडचा एकेक कोपरा उडालेला होता. झिजलेला नव्हे, टवका गेल्यासारखा. काँक्रीटमधली खडी लागली तर कडा हळूहळू बोथट होतात. टवका उडतो तो ठोके मारत असताना समोर फुटणारं नव्हे, न फुटणारं काही आलं तर. तिने बिटांच्या पिळदार पन्हळींमधली धूळ काडीने कागदावर काढली. राखाडी पीठ निघालं आणि त्यात बारीक, चपटे, चमकणारे कण. कागदाखालून लोहचुंबक फिरवल्यावर ते कण उभे राहिले आणि त्याच्यामागे चालू लागले.

बिटाचं स्वतःचंही लोखंड झिजतं, म्हणून एवढ्यावर तिने काही ठरवलं नाही. पण आणखी एक गोष्ट होती. मामांची जुनी सवय, बिटावर सत्तर मिलिमीटरला पिवळी चिकटपट्टी गुंडाळायची. भोक पुरेसं खोल झालं की पट्टी भिंतीला टेकते आणि तिची कड फाटते, मळते. या पाचही बिटांवर पट्टी होती. पाचांपैकी फक्त पहिल्याची कड मळलेली होती. बाकी चारांच्या पट्ट्या नुकत्याच गुंडाळल्यासारख्या कोऱ्या, आणि पन्हळींमध्ये घट्ट बसलेली धूळ पट्टीच्या बरीच अलीकडे थांबलेली. तिने मोजपट्टीने मोजलं. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस.

तिने भिंग खाली ठेवलं. बॉयलर नेहमीसारखा गुरगुरत होता.

लोखंडाचं भंगार दर गुरुवारी वजनासाठी तिच्याकडेच येई. व्यायामखोलीचा डबा दाराशी पडलेला होता. तिने तो वर्तमानपत्रावर ओतला. स्क्रू, वाकलेले वॉशर, तारेचे तुकडे, आणि त्यांत बोल्टाची कापलेली टोकं, आटे असलेली, एका बाजूला कटिंग डिस्कने चमकवलेली. तिने ती वेगळी काढली. बारा निघाली. व्हर्नियर मापकात धरली तर पंचवीस मिलिमीटरच्या आसपास सगळी.

पंचेचाळीस आणि पंचवीस म्हणजे सत्तर. भोक जिथे थांबलं तिथे बोल्ट थांबला आणि जेवढा बाहेर राहिला तेवढा कापला. वर घुमटाकार नट बसवला की बाहेरून चोवीसही बोल्ट एकसारखे. त्या पंचेचाळीसमध्येही वरचे पंधरा मिलिमीटर गिलाव्याचे, म्हणजे बोल्टाने धरलेलं काँक्रीट बोटाच्या एका पेराएवढं.

चोवीसपैकी बारा. याचाही अर्थ लागत होता. भिंतीच्या आत सळया आडव्या जातात. दांडा जमिनीशी समांतर, सळई जमिनीशी समांतर. ब्रॅकेटच्या बोल्टांची एक ओळ नेमकी सळईच्या उंचीवर आली, तर त्या ओळीतल्या एकूण एक भोकाला ती आडवी येणार. वरची ओळ की खालची, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. खालची असेल तर एकवेळ चालून जाईल. माणूस दांड्यावर भार टाकतो तेव्हा ओढ वरच्या बोल्टावर येते.

जेवणाच्या सुट्टीत ती दुसऱ्या मजल्यावर गेली. व्यायामखोलीला नव्या रंगाचा वास होता. खिडकीशी एक चाकांची खुर्ची घडी घालून ठेवलेली. तिने दांड्याला हात लावला. हाताला गुळगुळीत, कुठेही कुसळ नाही. सुताराचं काम चोख होतं. मग ती ब्रॅकेटशी वाकली आणि खिशातल्या पान्याने वरचा घुमटाकार नट काढला. आतलं आट्यांचं टोक कापलेलं होतं, डिस्कच्या तिरप्या रेघांसकट. खालचा काढला. टोक कारखान्यातून आलं तसं, कडेला घासलेलं.

वरची ओळ.

तिने दोन्ही नट पुन्हा बसवले आणि घट्ट केले.

मामा चार वाजता खिडकीशी आले. त्यांना सहा आठवड्यांनी निवृत्त व्हायचं होतं. चहाचा कप हातात होता आणि डाव्या हाताने ते उजवा खांदा चोळत होते.

"लिहिलंस का ते सदोष मालाचं?"

"उद्या द्यायचंय."

"मग उद्याची वाट कशाला बघतेस?"

तिने कोऱ्या पट्टीचे चार बिट खिडकीच्या फळीवर ठेवले, आणि त्यांच्या शेजारी बोल्टाची बारा टोकं, तीन-तीनच्या चार ओळींत. मग रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. त्यांच्या नावासमोर, तिच्याच अक्षरात, पाच वेळा लिहिलेलं होतं: काँक्रीट.

"मामा, कशात?"

मामांनी कप खाली ठेवला. बारापैकी एक टोक उचलून अंगठ्याने त्याच्या आट्यांवरून फिरवलं. मागून कपडे धुणारी मशीन पिळायला लागल्याचा आवाज आला, वाढत गेला, थांबला.

"सळईत," ते म्हणाले.

"पहिल्याच भोकाला कळलं असेल."

"दुसऱ्याला. पहिलं खालचं होतं, ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. वरचं पंचेचाळीसला अडलं. आवाज बदलला. मला आवाज कळत नाही असं वाटतं का तुला?"

"नाही वाटत."

"बिट बदलला. वाटलं, खडी असेल. पुढचा ब्रॅकेट, तेच. खालची भोकं त्या पहिल्यानेच उरकली, वरच्यांना नवे बिट लावत गेलो. सगळीकडे तेच."

"हॅमर बंद करून लोखंडाचा बिट लावून..."

"सळई कापायची?" मामांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "इमारतीची सळई मी आजवर कापली नाही. इंजिनियरच्या कागदाशिवाय नाही. कशाला नको ते शिकवतेस?"

"शिकवत नाही. विचारतेय. मग भोकं का नाही सरकवली?"

"सरकवायची म्हणजे ब्रॅकेटच्या लोखंडी पट्ट्या नव्या. बारा पट्ट्या, प्रत्येकीला वर नवं भोक. दांडा उतरवायचा, जुनी भोकं बुजवायची, रंगारी परत बोलवायचा. आणि साहेबाला सांगायचं की एकतीस वर्षं नोकरी झालेल्या फिटरने भोकं पाडण्याआधी सळई कुठे आहे ते तपासलं नाही. सळई शोधायचं यंत्र तुझ्याच कपाटात आहे. मी नेलं नाही. वाटलं, एवढ्याशा दांड्याला काय." त्यांनी खांदा पुन्हा चोळला. "मंगळवारपर्यंत संपवा म्हणाला होता. खांदा दुखत होता. वेळ मारून नेली झालं. आणि तो काही गच्चीचा कठडा नाही, नुसता धरायचा दांडा आहे."

"धरणारे कोण आहेत मामा?"

मामांनी हातातलं टोक परत ओळीत ठेवलं.

"लिही की सदोष माल," ते म्हणाले. आवाजात हुकूम नव्हता, विनंतीही धड नव्हती. "मी रविवारी येऊन एकटा दुरुस्त करीन. कुणाला कळायचं कारण नाही."

"एकट्याने बारा ब्रॅकेट? या खांद्याने?"

"तू ये मदतीला."

हे तिला अनपेक्षित होतं, आणि क्षणभर तिने त्याचा विचारही केला. रविवारी दोघांनी जायचं, सोमवारी सगळं ठीक. पण दांडा उतरवल्यावर बारा ओकीबोकी भोकं दिसणार, ओला रंग दिसणार. आणि न दिसलं तरी रजिस्टरमध्ये एक खोटी ओळ राहणार. चांगले बिट परत जाणार. आणि पुढचा कुणी त्याच भिंतीत, त्याच उंचीवर, टीव्ही लावायला भोक पाडेल तेव्हा आत काय आहे ते त्याला कुठेच लिहिलेलं सापडणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी बिट चांगले होते असं लिहिणार आहे. बारा भोकं पाडून बघितली, तेही लिहिणार. सळईचं तुम्ही सांगितलंत तर तुम्ही सांगितलंत असं लिहीन. नाही सांगितलंत तर मला काय सापडलं ते लिहीन."

"म्हणजे दोन्हीकडून मीच."

"हो."

मामांनी चहा संपवला. कप विसळून आणायला ते कधी विसरत नसत. त्या दिवशी तो तसाच फळीवर ठेवून गेले.

पाच वाजता टेलिफोन वाजला. सुपरवायझरने तिला वर बोलावलं होतं. ती गेली तेव्हा मामा त्याच्या टेबलासमोर उभे होते, टोपी हातात. बसायला सांगितलं असावं, कारण खुर्ची मागे सरकवलेली होती, पण ते बसले नव्हते.

"तुम्हाला हे माहीत होतं?" सुपरवायझरने तिला विचारलं.

"आज दुपारी कळलं."

"कशावरून?"

"धूळ पंचेचाळीसला थांबली होती."

त्याला ते समजलं नाही. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो मधे एकदाच बोलला, "म्हणजे माल परत करता येणार नाही," आणि मग स्वतःच्याच बोलण्याने थोडा वरमल्यासारखा झाला. त्याने व्यायामखोलीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि खोली सोमवारऐवजी गुरुवारी सुरू होईल असं सांगितलं. पलीकडून बरंच काही बोललं गेलं. तो फोन कानापासून थोडा लांब धरून ऐकत राहिला.

मामांना मेमो मिळाला. तो त्यांनी घडी करून वरच्या खिशात, पेन्सिलीशेजारी ठेवला.

शनिवारी सकाळी त्यांनी यंत्राने भिंत तपासली आणि सळईची रेघ खडूने या टोकापासून त्या टोकापर्यंत आखली. सरळ, दांड्याच्या वरच्या बोल्टांच्या बरोबर मागून जाणारी. सुताराने दांडा उतरवला. लांब पट्ट्या कापून आल्या, प्रत्येकीला वरचं भोक आता पन्नास मिलिमीटर वर. ती भोकं खालच्या बाकावरच्या मशीनवर पाडायची होती, आणि मामांच्या खांद्याला मशीनचा दांडा बारा वेळा ओढवला नसता. त्यांनी पट्टी शिकंज्यात आवळली, पंचाने खूण ठोकली आणि बाजूला झाले.

तिने आधी चारचा बिट लावला, मग दहाचा. लोखंडाचा, वेग कमी, भोकावर तेलाचे दोन थेंब. पन्हळींतून दोन लांब वेटोळी एकदम वर आली, एकसारख्या जाडीची. मामा त्यांच्याकडे बघत होते. पाचव्या पट्टीला वेटोळी तुटक यायला लागली.

"धार बघ," ते म्हणाले. गुरुवारपासून तिच्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द.

तिने बिट बदलला.

वर व्यायामखोलीत सगळी बारा भोकं सत्तरपर्यंत गेली. पिवळ्या पट्टीची कड प्रत्येक वेळी भिंतीला टेकली, फाटली, राखाडी झाली. एकाच बिटाने. जुनी भोकं न आक्रसणाऱ्या मसाल्याने गच्च भरली. सुताराने लाकडाच्या बिटाने दांड्याच्या पोटात नव्या पट्ट्यांसाठी आंधळी, म्हणजे आरपार न जाणारी, भोकं घेतली आणि दांडा पुन्हा चढला. बुधवारी मामांनी वायरमनला बोलावलं, कारण सगळ्यांत वजनदार तोच होता, आणि त्याला दांड्यावर बसायला लावलं. वायरमन बसला, पाय वर घेतले, आणि मग हौसेने दोन उड्या मारल्या. प्रत्येक ब्रॅकेटपाशी. मामा पट्टी आणि भिंतीच्या मधे कागदाचा कपटा सरकवून पाहत होते. कपटा कुठेच शिरला नाही.

पुढचे आठ-दहा दिवस मामा खिडकीशी आले नाहीत. काही हवं असेल तर सुताराच्या हाती चिठ्ठी पाठवत. चिठ्ठीत माप असे आणि मापासमोर, न विचारता, कशात ते लिहिलेलं असे. ती चिठ्ठ्या रजिस्टरला टाचून ठेवत होती. आईचा फोन आला, तुझं नि दादाचं काही बिनसलंय का म्हणून. ती म्हणाली, कामाचं आहे.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मामा आपला बिल्ला परत करायला आले. एक नंबरचा, घासून आकडा पुसट झालेला. तिने तो घेतला, पावतीवर सही केली.

"घरी तुझ्या मामीला स्वयंपाकघरात मांडणी लावून हवी आहे," ते फळीकडे बघत म्हणाले. "आठचा एक बिट दे. दोन दिवसांत आणून देतो."

"बाहेर न्यायला परवानगी लागते."

"मग घे परवानगी. साहेब तुझं ऐकतो हल्ली."

तिने परवानगीचा कागद काढला आणि पेन घेऊन थांबली. मामांनी सुस्कारा सोडला.

"विटेची भिंत," ते म्हणाले. "बहुतेक."

तिने रकान्यात बहुतेकसकट लिहिलं. मग काँक्रीटच्या खणातून आठचा बिट काढला, कपाट उघडून सळई शोधायचं यंत्रही काढलं आणि दोन्ही त्यांच्यासमोर फळीवर ठेवलं.